साठ्याचे १२२ दिवस नेमके कुठे अडकलेत?

वाचकाचं पत्र

मकरपुरा जीआयडीसीत आमचं बेरिंगचं दुकान आहे. बाबांनी उभं केलं, आता मी बघतो. यंदा जीएसटी सोडून विक्री २ कोटी ४० लाख झाली. विकलेल्या मालाची खरेदी किंमत १ कोटी ९२ लाख. ताळेबंदात १४ लाख नफा दिसतो, पण खात्यात पैसा नाही. बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी, गेल्या मार्चला ३१ लाख वापरली होती, आता ४० लाखांची पूर्ण मर्यादा भरली. घरखर्च आणि आयकर मिळून ७ लाख काढले, बाकी उधळपट्टी नाही. माल ४८ लाखांचा होता, तो ६४ लाखांचा झाला. उघराणी ३६ लाख, देणी २३ लाख, दोन्ही गेल्या वर्षीएवढीच. बेरिंगची कंपनी ७ दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट देते, ती आम्हाला घेता येत नाही. मार्चमध्ये तिचं वर्षाचं टार्गेट गाठायला १२ लाखांचा जादा माल उचलला आणि वर्षाच्या १ कोटी २० लाखांच्या खरेदीवर दीड टक्क्याची क्रेडिट नोट मिळवली. सीए म्हणतात, सगळा स्टॉक सरसकट २५ टक्के कमी करा. बाबा म्हणतात, माल नसेल तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल आणि परत येणार नाही. मालाची यादी सोबत जोडली आहे. कोणाचं ऐकू?

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर

आधी नफ्याचा माग काढू, तो सोपा आहे. १४ लाख मिळाले, ७ लाख घरी आणि सरकारात गेले, उरले ७. त्याच वर्षात रॅकवरचा माल १६ लाखांनी वाढला. म्हणजे ९ लाख कमी पडले, आणि सीसी बरोबर ९ लाखांनी वाढली आहे. पैसा चोरीला गेलेला नाही, हिशेबही चुकलेला नाही. नफा रोख मिळाला आणि त्याचा माल झाला, वर बँकेकडून ९ लाख उचलून त्याचाही माल झाला. विकला न गेलेला माल नफा-तोट्याच्या पत्रकात खर्च म्हणून धरत नाहीत, म्हणून तिथे हे दिसत नाही.

आता दिवस मोजू. इथे बहुतेक दुकानदार स्वतःला बरं वाटेल असा आकडा काढतात. साठ्याचे दिवस काढताना मालाला विक्रीने भागायचं नाही, विकलेल्या मालाच्या खरेदी किमतीने भागायचं, कारण रॅकवरचा माल खरेदी किमतीला लिहिलेला असतो. ६४ लाखांना २ कोटी ४० लाखांनी भागून ३६५ ने गुणलं तर ९७ दिवस येतात, आणि माणूस म्हणतो, तीन महिन्यांचा स्टॉक आहे, ठीक आहे. १ कोटी ९२ लाखांनी भागलं की १२२ दिवस येतात. खरा आकडा हा.

उघराणी आणि देणी यांच्यात वेगळी गफलत होते. ग्राहकाकडून येणं असलेल्या ३६ लाखांत १८ टक्के जीएसटी आहे, विक्रीच्या आकड्यात तो नाही. म्हणून विक्रीही करासकट घ्या, २ कोटी ८३ लाख. उघराणीचे ४६ दिवस येतात. खरेदी १ कोटी ९२ लाख अधिक वाढलेला माल १६ लाख, म्हणजे २ कोटी ८ लाख, करासकट २ कोटी ४५ लाख. त्यावर २३ लाख देणी म्हणजे ३४ दिवस. साठ्याचे १२२ आणि उघराणीचे ४६ मिळवले, देण्याचे ३४ वजा केले की १३४ दिवस. पुस्तकात ह्याला कॅश कन्व्हर्जन सायकल म्हणतात. पुरवठादाराला दिलेला रुपया ग्राहकाकडून परत यायला तुमच्याकडे सरासरी १३४ दिवस लागतात, आणि तेवढे दिवस तो तुमचा किंवा बँकेचा असावा लागतो.

ह्यात ४६ दिवसांची उघराणी जीआयडीसीतल्या कारखान्यांच्या मानाने वाईट नाही. ती ४० वर आणायला वर्षभर फोन करावे लागतील आणि दोन-तीन चांगली गिऱ्हाइकं दुखावतील. मी तिथे हात घालणार नाही. साठ्याचा एक दिवस म्हणजे १ कोटी ९२ लाख भागिले ३६५, सुमारे ५२,६०० रुपये. साठा एका दिवसाने कमी झाला की एवढी रक्कम मोकळी होते. काम इथेच आहे.

एक सावधगिरी. ३१ मार्चचा साठा तुमच्याकडे टार्गेटमुळे फुगलेला असतो. बारा महिन्यांच्या महिनाअखेरीच्या साठ्याची सरासरी घेऊन हेच गणित पुन्हा करा. आकडा थोडा खाली येईल. पुढल्या वर्षी तुलना करताना मात्र सरासरीशी सरासरीच ताडा, नाहीतर मार्च एकदा फुगलेला आणि एकदा रिकामा पाहून भलताच निष्कर्ष निघेल.

आता तुमची यादी. १२२ दिवस ही सरासरी आहे आणि तुमच्या दुकानात १२२ दिवस राहणारा माल जवळजवळ नाहीच. मी यादीचे तीन भाग केले. रोज जाणारी मापं, म्हणजे मोटर, पंप आणि पंख्यांना लागणारी ६२०३, ६२०४, ६२०५, ६३०५ वगैरे, ह्यांचा साठा १४ लाख आणि वर्षात त्यांतला १ कोटी १५ लाखांचा माल गेला. दिवस येतात ४४. मधल्या चालीचा माल १९ लाख, गेला ६२ लाखांचा, दिवस ११२. उरलेला ३१ लाखांचा माल असा, की त्यातला वर्षभरात १५ लाखांचाच गेला. त्याचे दिवस ७५४. दोन वर्षांहून जास्त.

म्हणून तुमच्या प्रश्नातल्या दोघांचंही निम्मं बरोबर आहे. सीए म्हणतात तसा सरसकट २५ टक्के कमी केलात, तर पहिल्या गटातून साडेतीन लाख निघतील, साठ्याचे सात दिवसही कमी होणार नाहीत, आणि सोमवारी सकाळी पंपवाला ६२०५ मागायला आला की तुम्ही हात हलवत बसाल. तिथे बाबांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण तेच म्हणणं तिसऱ्या गटाला लावलं की घोटाळा होतो, कारण तो माल मागायला कोणी येतच नाही.

दोन मापं जवळून पाहू. ६२०५ तुमच्याकडे महिन्याला साधारण ३०० नग जातं, दिवसाला १०. कंपनीच्या डेपोतून माल यायला ७ दिवस लागतात असं धरलं, तर त्या काळात ७० नग जातील. ट्रक उशिरा आला किंवा एखादं मोठं गिऱ्हाईक एकदम येऊन पडलं तर काय, म्हणून वर ५० ठेवा. १२० वर साठा आला की ऑर्डर टाकायची. हे माप कमी करून पैसा सुटत नाही, माप तुटलं की मात्र विक्री जाते. ह्याच्या उलट २२२२०. १०० मिलिमीटरच्या शाफ्टवर बसणारं हे जाड रोलर बेरिंग तुमच्याकडून वर्षाला ४ नग जातं, तेही जवळजवळ एकाच कारखान्याला, आणि साठ्यात १८ नग आहेत. साडेचार वर्षांचा माल. अशा मापाला दिवसांचं गणित लावायचंच नाही, नगांचं लावायचं. एक रॅकवर आणि एक राखीव, विकलं की मागवायचं. तो कारखाना शटडाउनसाठी एकदम चार मागणार असेल, तर त्यांच्या मेंटेनन्सवाल्याला महिनाभर आधी विचारा आणि ऑर्डर लेखी घ्या. अठरा नग कसे जमले ते तुम्हीच तपासा. बहुधा कधीतरी पेटीच्या भावात उचलले असतील.

यादीत आणखी एक गोष्ट खटकली. टॅलीत तुम्ही ‘६२०५’ हा एकच आयटम ठेवला आहे. दुकानात मात्र उघडं ६२०५, दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असलेलं झेडझेड, रबरी सील असलेलं टूआरएस आणि आतली फट जास्त असलेलं सीथ्री, हे चार वेगळे माल आहेत. मोटर वाइंडिंगवाल्याला सीथ्री हवं असतं, त्याला साधं देता येत नाही. चारांची बेरीज २०० नग दिसते, त्यातले १४० न खपणारे उघडे असतात, आणि सीथ्री संपलेलं असतं. एकाच वेळी माल पडूनही असतो आणि माल नाहीही असतो. बाबा ‘माल ठेव’ म्हणतात ते बहुतेक ह्याच अनुभवावरून. आयटम वेगळे केल्याशिवाय तिसऱ्या गटाची खरी यादी हाती येणार नाही, तेव्हा पहिलं काम हे करा.

ते झालं की टॅलीतला Ageing Analysis काढा, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. वर्षारंभी टॅलीत नवी कंपनी उघडून शिल्लक टाकली असेल, तर पाच वर्षांपूर्वीचा मालही १ एप्रिलचा दिसतो. शिवाय कागदावर जुना माल आधी जातो, रॅकवर मात्र नवीन पेट्या पुढे लावल्या जातात आणि पोरगा पुढचीच पेटी काढून देतो. ग्रीस भरलेली बंद बेरिंगं मागे वर्षानुवर्षं राहिली की ग्रीसमधलं तेल सुटतं, घट्टपणा येतो, आणि पावसाळ्यातल्या ओलीने उघड्या बेरिंगवर गंजाचे ठिपके येतात. तिसऱ्या गटाच्या पेट्या हाताने खाली काढा, पेटीवरची तारीख वाचा आणि खोका फाटलेला, गंजलेला, चांगला असे तीन ढीग करा. एका रविवारचं काम आहे.

आता कंपनीचं टार्गेट. तुमचा सूर पश्चात्तापाचा आहे, पण टार्गेट गाठणं मुळात चूक नव्हतं. १ कोटी २० लाखांवर दीड टक्का म्हणजे १ लाख ८० हजार. १२ लाखांचा जादा माल साडेदहा टक्क्यांच्या सीसीवर ठेवायला महिन्याला १०,५०० रुपये व्याज पडतं. तो माल पहिल्या गटातला असता, तर त्या गटातला महिन्याला साडेनऊ लाखांचा माल जातो. सव्वा महिन्यात उठला असता, व्याज १३ हजार, आणि क्रेडिट नोट १ लाख ८० हजारांची. घरबसल्या असा सौदा कोण सोडेल? पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात डेपोत पहिल्या गटातली मापं सगळ्यांनीच उचललेली असतात. उरतं ते सेल्समन लिहून देतो. तुमच्या १२ लाखांतली बरीच मापं मला तिसऱ्या गटात सापडली. त्या मालाचं व्याज सतराव्या महिन्यात सगळी क्रेडिट नोट खाऊन टाकतं, आणि माल तिथेच राहतो. पुढच्या वर्षी टार्गेट जानेवारीतच मोजा, फरक पहिल्या गटाने जानेवारी-फेब्रुवारीत भरा, आणि मार्चमध्ये सेल्समनच्या यादीवर सही करू नका.

तिसऱ्या गटातले ३१ लाख शून्यावर आणायचे नाहीत. १५ लाखांवर आणा. १६ लाखांचा माल गेला की साठ्याचे दिवस १२२ वरून ९१ वर येतात. हा माल बाहेर काढायला तीन दारं आहेत. पहिलं कंपनीचं. खोके न उघडलेला, चालू मापाचा माल ती बदलून देईल का, ते विचारा. बदल्यात तेवढीच नवी ऑर्डर मागतील. हरकत नाही, पण ऑर्डर पहिल्या गटाचीच द्या. दुसरं दार व्यापाऱ्यांचं. अंकलेश्वर, वापी, अहमदाबादेतल्या विक्रेत्यांना नुसती मापं आणि नग लिहून पाठवा, भाव लिहू नका. तुमच्याकडे मेलेलं माप केमिकल पट्ट्यात रोज लागत असू शकतं. तिसरं दार भंगाराचं, आणि गंजलेला ढीग तिकडेच जाणार.

व्यापाऱ्याला द्यायचा तर तोटा होईल. किती सोसायचा, ह्याचं गणित आहे. १०० रुपयांना पडलेलं बेरिंग आज ८० ला गेलं, तर ते ८० सीसीत भरून साडेदहा टक्के व्याज वाचतं. वर्षाने ८८, दोन वर्षांनी जवळपास ९८, तीन वर्षांनी १०८. म्हणजे तेच बेरिंग तुम्ही थांबून ११० ला विकणार असाल, तर गिऱ्हाईक साधारण तीन वर्षांच्या आत आलं पाहिजे. आत येईल असं खरोखर वाटत असेल, तर थांबा. वर्षाला ४ जाणाऱ्या १८ नगांतले पहिले दहा-बारा तीन वर्षांत जातील, शेवटचे सहा नाहीत. मग सहाच विका. २० टक्के तोट्यात सगळं उडवून टाका असं सांगणारे सल्लागार पुष्कळ आहेत. ते सांगतात की सुटलेला पैसा पहिल्या गटात घाला, तो वर्षात आठ वेळा फिरेल. फिरणार नाही. पहिल्या गटात माल आधीच पुरेसा आहे, मागणी वाढल्याशिवाय तिथे जादा पैसा काहीच कमावत नाही. म्हणून मी वरचं गणित सीसीच्या व्याजावर केलं.

व्याजाहून बरा उपयोग मात्र तुमच्याकडे आहे, आणि तो तुम्हीच लिहिला आहे. ७ दिवसांत पैसे दिले तर २ टक्के. आज तुम्ही सरासरी ३४ दिवसांनी देता. २७ दिवस आधी दिल्याबद्दल २ टक्के म्हणजे वर्षाच्या हिशेबाने २७ टक्क्यांच्या वर पडतं. सीसी साडेदहाची. ह्या कंपनीची खरेदी करासकट १ कोटी ४२ लाख, ती २७ दिवस आधी चुकवायला सुमारे साडेदहा लाख कायमचे लागतील. मिळतील वर्षाला २ लाख ४० हजार. तेच साडेदहा लाख सीसीत भरले असते तर १ लाख १० हजार वाचले असते. १६ लाखांचा माल काढताना हातात १३ लाखांच्या आसपास येईल असं धरा. त्यातले साडेदहा इथे लावा, उरलेले सीसीत भरा. एकदाचा ३ लाखांचा तोटा दोन वर्षांच्या आत भरून निघेल. तोटा ज्या वर्षी येईल त्या वर्षीचा नफा तेवढा कमी दिसेल, आणि आयकरही त्यावर लागणार नाही. जो माल विकायचाच राहील आणि ज्याची किंमत खरेदीपेक्षा उघडच खाली आली आहे, तो मार्चअखेरीस खरेदी किंमत आणि मिळू शकणारी किंमत यांतल्या कमी किमतीला लिहायला सीएंना सांगा. नियम तोच आहे. पूर्ण किमतीला लिहून आज तुम्ही न झालेल्या नफ्यावर कर भरता. मात्र माल फेकून किंवा नष्ट करून खात्यातून काढाल, तर त्यावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं. स्वस्तात विकलेल्याला, भंगारातसुद्धा बिल करून विकलेल्याला, ते लागत नाही.

ह्यात एक गंमत होईल, ती आधीच सांगतो. पैसे लवकर द्यायला लागलात की देण्याचे दिवस ३४ वरून १९ वर येतील आणि तुमचं चक्र १०३ वर न येता ११८ वर थांबेल. सीए विचारतील, एवढं करून १६ दिवसच कमी झाले? सांगा, हो, कारण उरलेले १५ दिवस मी २७ टक्क्यांना विकले. चक्र लहान दिसावं म्हणून पुरवठादाराला ताटकळत ठेवणं मला ह्या धंद्यात शहाणपणाचं वाटत नाही. टंचाई आली की डेपोवाला आधी कोणाला माल देतो, ते बाबांना विचारा.

शेवटी बँक, कारण ती तुमच्या आधी जागी होऊ शकते. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देता, त्यावर बँक उचलशक्ती काढते, म्हणजे तुम्हाला किती उचलू द्यायचं ते ठरवते. बऱ्याच मंजुरीपत्रांत मालातून देणी वजा करून उरलेल्याच्या ७५ टक्के, आणि ९० दिवसांच्या आतल्या उघराणीच्या ६० टक्क्यांच्या आसपास धरतात. तुमचं नेमकं प्रमाण मंजुरीपत्रात पाहा. ६४ वजा २३ म्हणजे ४१, त्याचे पाऊण ३०.७५ लाख. उघराणीतले ६ लाख जुने आहेत असं धरलं तर ३० चे १८ लाख. बेरीज ४८.७५, म्हणून ४० ची मर्यादा आज पूर्ण मिळते. पण स्टॉक ऑडिटला आलेल्या माणसाने तिसऱ्या गटातला २० लाखांचा माल न चालणारा म्हणून वगळला, तर उचलशक्ती ३३.७५ लाखांवर येते आणि सव्वासहा लाख तुम्हाला लगेच भरावे लागतात, तेही अशा वेळी की खात्यात काही नाही. तेव्हा तुमच्या स्टेटमेंटमध्ये जुना माल वेगळ्या ओळीत दाखवायला ह्याच महिन्यापासून सुरुवात करा, पण त्याआधी बेरिंगांच्या पेट्या खाली काढून मोजून घ्या. कागदावरचे ६४ लाख रॅकवर ६४ निघतीलच, ह्याची खात्री मला तुमची यादी पाहून वाटत नाही. २२२२० च्या ओळीत खरेदी आणि विक्रीच्या वजाबाकीत एक नग कमी येतो.